रिकाम्या पाकिटांची रजा

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात पुडीमास्तरांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. हजेरीपुस्तकात ते असणारच, पण हजेरीपुस्तक वाचतो कोण! पुडीमास्तर म्हणजे कारखान्याच्या दवाखान्याचे कंपाउंडर. दवाखाना म्हणजे फाटकाशेजारची तीन पायऱ्यांची खोली. आत एक टेबल, रेक्झिन फाटलेली खाट, औषधांचं काचेचं कपाट आणि भिंतीला एक खिडकी. खिडकीतून फक्त हात आत यायचा आणि औषध घेऊन बाहेर जायचा. हात बघून माणूस ओळखायचं, ही मास्तरांची जुनी खोड. "हा गोंदखात्याचा, नखं चिकट आहेत. हा छपाईचा, निळा आहे," असं स्वतःशी पुटपुटत ते औषध द्यायचे, आणि सहसा चुकायचे नाहीत.

नोकरीला लागले तेव्हा औषधं कुटून, तोलून कागदात बांधावी लागत. त्यांची पुडी अशी की उलटी धरून हलवा, कण सांडायचा नाही. पुढे सगळ्याच गोळ्या कारखान्यांतून तयार होऊन चकचकीत पाकिटांत यायला लागल्या. पुड्या गेल्या, नाव मात्र राहिलं. मास्तर म्हणायचे, "माझं आता घड्याळजीसारखं झालंय. दुरुस्तीचं काम संपलं, नुसते पट्टे विकायचे."

दवाखान्याला डॉक्टरही होते. मंगळवारी आणि शुक्रवारी अर्धा तास. येताच ते मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवत, आणि पेशंटच्या जिभेपेक्षा त्या घड्याळाकडे जास्त निरखून बघत. निघताना वीसेक कोऱ्या चिठ्ठ्यांवर सही करून ठेवत. "मास्तर, किरकोळ असेल ते तुम्हीच बघा," असं म्हणून जे जात, ते थेट पुढच्या खेपेलाच दिसत. एकदा घाईत त्यांनी टेबलावरच्या वर्तमानपत्रावरसुद्धा सही केली होती. ते वर्तमानपत्र मास्तरांनी बरेच दिवस जपून ठेवलं होतं. म्हणायचे, "न जाणो, जगाला रजा द्यायची वेळ आली तर!"

आता रजेचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच अडलं.

पूर्वी सर्दीखोकल्याला दोन दिवस भरपगारी रजा सहज मिळायची. मग एका सोमवारी अख्खं गोंदखातं सर्दीनं आजारी पडलं, आणि त्याच संध्याकाळी तेच अख्खं गोंदखातं मॅनेजरसाहेबांना सिनेमाच्या रांगेत भेटलं. साहेब रांगेत पुढे होते, खातं मागे. कुणी शिंकलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी फलकावर नियम लागला. सर्दी हा आजार धरला जाणार नाही. ज्याला पाच दिवसांचा गोळ्यांचा कोर्स लिहून दिला, तोच आजारी. चिठ्ठी कारखान्याच्याच दवाखान्याची हवी, बाहेरची चालणार नाही. आणि कामावर परत येताना गोळ्यांची रिकामी पाकिटं टाइमकीपरकडे जमा करायची.

टाइमकीपर म्हणजे इंचपट्टीनं आखलेला माणूस. तो पाकीट उजेडात धरायचा, प्रत्येक खळग्यावरून बोट फिरवायचा. सगळे खळगे फुटलेले असले की मग रजेचा शिक्का. एका बाईच्या पाकिटात दोन गोळ्या राहिल्या होत्या, तर तिची दोन दिवसांची रजा त्यानं कापली. "तेवढी बरी होतीस तू," म्हणाला.

मास्तरांना हे कळत नव्हतं असं नाही. शिकतानाच त्यांच्या डोक्यात ते पक्कं बसवलेलं होतं. सर्दी विषाणूची. कोर्सच्या गोळ्या म्हणजे अँटिबायोटिक, त्या जिवाणूंसाठी. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. पण खिडकीतून गोंदखात्याचा हात यायचा, तापानं गरम, आणि मागून आवाज यायचा, "मास्तर, रात्रभर डोळ्याला डोळा नाही हो. उभं राहवत नाही." त्या बाईला हवी असायची दोन दिवसांची झोप. झोप कपाटात नव्हती. कपाटात होत्या कॅप्सूल. मग मास्तर सही केलेली चिठ्ठी ओढायचे आणि लिहायचे, 'घसा लाल. कोर्स पाच दिवस.' त्या कारखान्यात घसे फार लाल असत. इतके लाल घसे जगात दुसरीकडे कुठं नसतील.

"गोळीनं काही व्हायचं नाही," ते बायकोला सांगायचे, "पण रजा मिळते बिचारीला. कुणाचं काय नुकसान?"

कुणाचं काय नुकसान, हे वाक्य त्यांनी किती वर्षं म्हटलं असेल!

भोंगा हा त्यांचा दोस्त. कटाई यंत्रावरचा. आवाज असा की पाळी सुटल्याचा भोंगा एकदा बिघडला, तर साहेबांनी ह्यालाच अंगणात उभं करून "सुटलीऽ" म्हणून ओरडायला लावलं, आणि तीनही खाती बिनचूक सुटली. त्या दिवसापासून तो भोंगा. दुपारी एकला तो डबा घेऊन दवाखान्याच्या पायरीवर यायचा. बावीस वर्षं ही दोघं एकाच पायरीवर जेवली. मास्तर त्याला अरेतुरे करायचे, तो मास्तरांना अहोजाहो. पण शिव्या देताना हा फरक राहायचा नाही.

भोंग्याला सर्दी भारी. पुठ्ठ्याच्या धुळीत उभं आयुष्य गेलेलं, शिवाय घरात नातवंडं, ती शाळेतून रोज नवी शिंक घेऊन यायची. वर्षाला तीन-चार कोर्स ठरलेले. असाच एकदा तो नाक पुसत जेवत होता आणि मास्तरांना लहर आली.

"भोंग्या, तुला माहीत आहे का, तुझ्या सर्दीला ह्या गोळ्या शष्प काही करत नाहीत?"

"मग देता कशाला, मास्तर? दुसऱ्या देत चला."

"दुसऱ्या नाहीतच. ऐक. जिवाणू म्हणजे आपल्या कारखान्यासारखा. इवलासा, पण त्याला स्वतःची भिंत आहे, स्वतःची यंत्रं आहेत, कच्चा माल आत घेतो, पक्का करतो, आणि एकाचे दोन होतात. ही गोळी काय करते, तर कुणाची भिंत पाडते, कुणाची यंत्रं अडकवते. झाला कारखाना बंद."

"बरं. आणि सर्दीवाला?"

"विषाणू? त्याला ना भिंत, ना यंत्र. तो म्हणजे लिफाफ्यात घातलेली नुसती ऑर्डरची चिठ्ठी. नाकाच्या आत आपल्या शरीराचे बारीक बारीक कारखाने आहेत, पेशी म्हणतात. ही चिठ्ठी त्यात शिरते, आणि आपलंच यंत्र आपलं काम टाकून तिच्या हजार प्रती काढत बसतं. आता सांग, भिंत पाडायला आलेला माणूस चिठ्ठीचं काय वाकडं करणार? चिठ्ठीला भिंत कुठं असते?"

भोंग्यानं घास थांबवून विचार केला. मग त्याच्या त्या आवाजात म्हणाला, "म्हणजे आपला साहेबच की हो! स्वतः इकडची काडी तिकडे करत नाही, नुसती चिठ्ठी पाठवतो, आणि आपण मरतोय प्रती काढत!"

पलीकडे झाडाखाली जेवणाऱ्या बायका खो खो हसल्या. मास्तरही हसले. हसण्यात मुद्दा वाहून गेला.

"मग सर्दी जाते कशानं?" भोंग्यानं डबा पुसता पुसता विचारलं.

"शरीराचे पहारेकरी चिठ्ठी ओळखायला शिकतात. आठवडा लागतो. मग जाते."

"आणि गोळी घेतली तर?"

"सात दिवसांत."

"बघा! गोळीनं आठवड्याचे सात दिवस होतात की नाही!"

आता भोंगा त्या गोळ्यांचं काय करायचा? काहीजण गिळायचे. काहीजण मोरीत टाकायचे आणि रिकामी पाकिटं जमा करायचे. भोंग्याला टाकवायचं नाही. त्याच्या घरात दोऱ्याचा तुकडासुद्धा गुंडाळून ठेवत. तो पहिल्या दिवशी दोन गोळ्या घ्यायचा, बरं वाटलं की थांबायचा, आणि उरलेल्या खळग्यांतून काढून बरणीत घालायचा. पाकीट रिकामं, रजा मंजूर, गोळ्या शिल्लक. मग मध्येच कधी नाक चोंदलं, अंग दुखलं, पोट बिघडलं, की बरणीत हात. लाल-काळी असेल ती, पिवळी असेल ती. "औषधाला काय रंग असतो!" म्हणायचा. हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नाही, तर ठाऊक कुठून होणार?

हिवाळा संपता संपता भोंगा जेवताना दोनदा उठायला लागला. "मास्तर, म्हातारा झालो. नळ नीट बंद होत नाही आणि नीट सुरूही होत नाही," म्हणाला. साठीकडे झुकलेल्या पुरुषांचं हे दुखणं, मूत्र पुरतं बाहेर पडत नाही, थोडं आतच साचून राहतं. मास्तर त्याला म्हणाले, मोठ्या दवाखान्यात दाखव. तो म्हणाला, दाखवतो. दोघांनीही तो विषय पायरीवरच ठेवला.

पुढल्या आठवड्यात यंत्रावर उभा असताना त्याला हुडहुडी भरली. दात असे वाजत होते की पाती थांबवावी लागली. लघवीला आग, कमरेत कळ, अंगात ताप. मंगळवार होता. डॉक्टरांनी घड्याळ काढलं, पाठीवर बोट वाजवलं, भोंगा कळवळला. "मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग आहे. कोर्स द्या," म्हणाले आणि घड्याळ परत घातलं.

मास्तरांनी कपाट उघडलं. आणि नवल असं, की त्या दिवशी त्यांना बरं वाटलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा गोळी तिच्या खऱ्या कामाला निघाली होती. हा आजार जिवाणूंचा होता. इथं भिंत होती, यंत्रं होती, पाडायला काहीतरी होतं. "ह्या वेळी सगळ्या घे, भोंग्या," त्यांनी बजावलं. "एकही चुकवू नकोस. तीन दिवसांत उठून बसशील."

भोंग्यानं एकही चुकवली नाही. तिसऱ्या दिवशी तो उठून बसला नाही. ताप चढतच गेला, मग तो भलतंच बरळायला लागला, मग लघवीच थांबली. पाचव्या दिवशी सकाळी वहिनींचा, म्हणजे भोंग्याच्या बायकोचा निरोप आला, त्याला परवाच इस्पितळात नेलं होतं. मास्तर एप्रनवरच रिक्षात बसले.

इस्पितळात डॉक्टरीणबाई तरुण होती, डोळ्यांखाली झोपेची काजळी. रक्तात विष पसरलंय, मूत्रपिंडं दमलीत, म्हणाली. मग विचारलं, "ह्यांनी गेल्या काही वर्षांत अँटिबायोटिक्स घेतलीत का? कोणती?"

वहिनींनी पिशवीतून बरणी काढली आणि खाटेवर ठेवली. लोणच्याची मोठी काचेची बरणी. निम्मी भरलेली. लाल-काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या. मास्तरांनी हात बघून माणसं ओळखली होती आयुष्यभर. आता बरणी बघून स्वतःला ओळखलं.

"ह्या कुठल्या?" डॉक्टरीणबाई म्हणाली.

"मला सांगता येईल," मास्तर म्हणाले. आणि एकेक रंग दाखवून त्यांनी नावं सांगितली. एकही चुकलं नाही.

"तुम्ही कोण?"

"कारखान्याचा कंपाउंडर."

"हे तुम्ही दिलंत?"

"मी दिलं."

"कशासाठी?"

"सर्दीसाठी."

तिनं वर बघितलं. "सर्दीसाठी?"

"रजेसाठी," मास्तर म्हणाले.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पेन फिरवत बसली. मग म्हणाली, "काका, तुम्ही ह्या धंद्यातले आहात म्हणून दाखवते, चला." आणि तिनं त्यांना प्रयोगशाळेच्या दारापर्यंत नेलं. आतल्या माणसानं एक चपटी काचेची वाटी उजेडात धरली. तिच्यात जेलीसारखा थर, आणि त्यावर भोंग्याच्या लघवीतले जिवाणू उगवलेले, उच्छ्वासानं आरसा धुरकट व्हावा तसे. त्या थरावर कागदाच्या गोल टिकल्या ठेवलेल्या, सदऱ्याच्या गुंड्यांएवढ्या. प्रत्येक टिकली एकेका औषधात भिजवलेली. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती जिवाणू मरतात आणि स्वच्छ रिंगण पडतं.

मास्तरांनी रिंगणं शोधली. लाल-काळीची टिकली, तिच्या अंगाला अंग लावून जिवाणू उगवले होते. पिवळीची, तसंच. पांढरीची, तसंच. एकाच टिकलीभोवती स्वच्छ गोल होता.

"हे शिरेतून द्यायचं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "दिवसातून तीनदा. कालच सुरू करता आलं असतं, पण अंदाजच नव्हता."

"पण सर्दीच्या विषाणूला ह्या गोळ्या दिसतसुद्धा नाहीत," मास्तर म्हणाले. ते स्वतःशीच बोलत होते. "मग हे शिकले कुठं?"

"विषाणूला नाही दिसत. पोटातल्या जिवाणूंना दिसतात ना. आतड्यात कोट्यवधी असतात, बहुतेक निरुपद्रवी. प्रत्येक सर्दीला गोळी आत गेली की सर्दीला काही होत नाही, पण आतड्यातले कच्चे मरतात. जे थोडे निगरगट्ट असतात ते उरतात, त्यांना मोकळी जागा मिळते, ते वाढतात. निगरगट्टपणाची विद्या एकमेकांना देतातही. वर्षानुवर्षं हेच केलंत तर आत राहतं कोण? त्यातलेच वाट चुकून मूत्रमार्गात गेले. तिथं पाणी साचलेलंच होतं."

मास्तर परत खाटेजवळ आले. वहिनी भोंग्याच्या तळपायांना हात लावून बसल्या होत्या.

"काय म्हणाली हो ती?"

"औषध सापडलंय म्हणाली."

"मग इतके दिवस तुम्ही देत होता ते काय होतं, मास्तर?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

भोंगा वाचला. वीस दिवस खाटेवर काढून, अर्धा होऊन घरी गेला. एक मूत्रपिंड जवळजवळ कामातून गेलं, दुसरं रडतखडत. मिठावर बंदी, पाणी मोजून. डॉक्टरीणबाईनं घरी सोडताना सांगितलं, पुन्हा असा ताप आला तर त्या एका टिकलीखेरीज आपल्याकडे काही नाही, तीही किती दिवस चालेल माहीत नाही. साध्या सर्दीला ह्यांच्या पोटात एकही गोळी जाता कामा नये.

कारखान्यात परतला तेव्हा साहेबांनी त्याला कटाईवरून काढून खोकी मोजायला बसवलं. आवाजही बसला होता. बायका म्हणायच्या, भोंगा आता सायकलच्या घंटीसारखा वाजतो. तोही हसायचा. पायरीवर डबा घेऊन यायचा, मास्तर आपल्या डब्यातलं बिनमिठाचं काही असलं तर त्याला द्यायचे. त्या दीडेक महिन्यात मास्तरांनी घसा लाल कुणाचाच लिहिला नाही. थंडी सरली होती, शिंकाच कमी होत्या. देवानं त्यांना वेळ दिला म्हणायचा.

मग हवा पालटली, नातू शाळेतून शिंक घेऊन आला, आणि एका सकाळी खिडकीतून हात आत आला. सुकलेला, नखं स्वच्छ. मास्तरांनी ओळखला.

"मास्तर, कोर्स द्या. अंग मोडून आलंय. नाक बघा, नळासारखं."

मास्तरांनी दार उघडून त्याला आत घेतलं. ताप पाहिला, अगदी थोडा. घसा पाहिला, छाती ऐकली, कमरेवर बोट वाजवलं, लघवीचं विचारलं. सगळं ठीक. साधी सर्दी.

"तीन दिवस झोप. कोमट पाणी, पण तुझ्या मापानं. वाफ घे. गोळी नाही."

"गोळी नको हो. मी ती गिळणार पण नाही, तुमच्या गळ्याशपथ. मला नुसतं पाकीट द्या."

इथं मास्तर अडकले. पाकीट द्यायचं म्हणजे गोळ्या द्यायच्या. आणि भोंगा शपथ घेतो म्हणजे काय घेतो, ते बावीस वर्षांत त्यांना पाठ होतं. तिसऱ्या दिवशी नाक मोकळं झालं नाही की शपथ सुटेल. टाकून देणं तर त्याच्या रक्तात नाही.

त्यांनी चिठ्ठी ओढली आणि लिहिलं, 'सर्दी, विषाणूजन्य. औषध नाही. तीन दिवस विश्रांती आवश्यक.' इतकं खरं त्या चिठ्ठ्यांवर ह्यापूर्वी कधी लिहिलं गेलं नव्हतं.

टाइमकीपरनं ती वाचली आणि परत केली. "औषध नाही म्हणजे आजार नाही."

मास्तर स्वतः साहेबांकडे गेले. साहेब खुर्चीत मफलर गुंडाळून बसले होते, नाक लाल, समोर रुमाल.

"साहेब, भोंग्याला रजा द्या. त्याला गोळी चालत नाही. इस्पितळाचा कागद आहे."

"कागद बघितला मी. त्याच्याबद्दल वाईटच वाटतं मला. पण मास्तर, उद्या सगळे म्हणतील आम्हालाही चालत नाही. मग मी खरा आजारी ओळखायचा कसा?"

"नाडी बघून. डॉक्टर बघून."

"डॉक्टर अर्धा तास असतात. पाकिटाला डॉक्टर लागत नाही." साहेब शिंकले. "विश्रांतीचं रिकामं पाकीट असतं का, मास्तर? असेल तर आणा, मी लगेच शिक्का मारतो."

"साहेब, आजवर मी लिहिलेले सगळे घसे खोटे होते," मास्तर म्हणाले. "एकही लाल नव्हता. मी लेखी देतो."

साहेबांनी रुमाल खाली ठेवला. मग मऊ आवाजात म्हणाले, "तुमच्या नोकरीची दोनच वर्षं राहिलीत ना? असलं लेखी कुणी देतं का? जा, बसा खिडकीत." आणि टेबलाच्या खणातून एक लाल-काळी काढून पाण्याबरोबर गिळली.

मास्तर परतले तेव्हा भोंगा पायरीवर बसला होता.

"दिली का?"

"नाही. बिनपगारी मिळेल."

"मग पाकीट द्या."

"भोंग्या, तुझी एकच टिकली उरलीय. एकच. तुला ते कळतंय का?"

"मला इतकं कळतंय," भोंगा म्हणाला, आणि जुना आवाज क्षणभर परत आला, इतका की फाटकावरचा पहारेकरीही वळला, "की गोंदखात्याच्या बायांना बारा बारा वर्षं दिलंत. मला शंभरदा दिलंत. मी धडधाकट होतो तेव्हा दिलंत. आता गरज आहे तर तत्त्व आठवलं! मारायचं तेव्हा हात सैल, आणि आता मूठ घट्ट!"

त्यातला एकही शब्द खोडता येण्यासारखा नव्हता. मास्तरांनी कपाटाला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसले. भोंगा उठून दुसऱ्या टोकाला गेला. मग तिथूनही उठला आणि शिंकत शिंकत घरी गेला.

सात दिवस तो आला नाही. आठव्या दिवशी मास्तर त्याच्या घरी गेले. दार वहिनींनी उघडलं. आत भोंगा खिडकीशी बसून नातवाचा पतंग चिकटवत होता. नाक कोरडं, डोळे स्वच्छ, ताप नाही. वहिनींनी शपथेवर सांगितलं, एक गोळी पोटात गेली नाही. बरणी त्यांनीच इस्पितळात जमा केली होती.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. "बघ," ते दारातूनच म्हणाले, "आपोआप गेली की नाही?"

भोंग्यानं मान वर केली नाही. पतंगाच्या कागदावर गोंद पसरवत म्हणाला, "सात दिवस लागले. गोळी दिली असती तर तिसऱ्या दिवशी उठून बसलो असतो. पगारही कापला गेला नसता." मग आत बघून म्हणाला, "अगं, मास्तरांना जायचंय. दार लावून घे."

वहिनी घोटाळल्या. एकदा ह्यांच्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, "या हं मास्तर, कधी तरी," आणि दार लावून घेतलं.

मास्तर कारखान्यात परत आले तेव्हा जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. खिडकीबाहेर चारजणी उभ्या होत्या, हवा पालटलेली, प्रत्येकीच्या नाकाला रुमाल. सगळ्यात पुढचीचा हात आत आला. नखं चिकट, तळवा गरम.

"मास्तर, घसा लाल झालाय हो," ती म्हणाली.

"आ कर," मास्तर म्हणाले. तिनं खिडकीला तोंड लावून आ केला. घसा गुलाबी होता, बाळाच्या टाळूसारखा.

"लाल नाही," मास्तर म्हणाले.

"नाही कसा? गेल्या वर्षी याच दिवसांत होता की!" तिनं मागच्या तिघींकडे वळून बघितलं. "ह्या मास्तरांना झालंय तरी काय?"

"त्यांच्या दोस्ताला तरी कुठं दिलं," मागची म्हणाली. "म्हातारपणी माणूस आटतो. शुक्रवारी डॉक्टर आले की त्यांच्याकडूनच घेऊ. ते बघतसुद्धा नाहीत, लगेच देतात."

चौघी निघून गेल्या. शुक्रवारी डॉक्टर आले, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि चौघींना कोर्स लिहून दिला. मास्तरांकडे हात पुढे करून म्हणाले, "किल्ली?"

मास्तरांनी किल्ली दिली.